हेलियमची ट्रिपलेट पातळी खाली का असते?

प्रश्न: मी नाशिकला एमएस्सी फिजिक्सला आहे. हेलियमच्या 1s2s मध्ये ट्रिपलेट सिंगलेटच्या खाली असतं, कारण 'एक्सचेंज एनर्जी', एवढंच पुस्तकात आहे. स्पिन समांतर झाले की ऊर्जा कमी का होते? एक्सचेंज हा वेगळा फोर्स आहे का?

उत्तर:

वेगळा फोर्स नाही. या फरकामागे जी काही बलं आहेत ती साध्या कूलॉम नियमाची: केंद्रक दोन्ही इलेक्ट्रॉनांना ओढतं आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. स्पिनमुळे इलेक्ट्रॉन छोटे चुंबक होतात हे खरं, पण त्या चुंबकांची आपसातली ऊर्जा मांडून बघा. दोघांत एक अँगस्ट्रॉम अंतर धरलं तर ती ०.००००५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते. सिंगलेट आणि ट्रिपलेटमधला प्रत्यक्ष फरक आहे ०.७९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. चुंबकत्वाने हे काम होणं शक्य नाही.

मी नाशिकमध्येच एका कॉलेजात बरीच वर्षं ॲटॉमिक फिजिक्स शिकवतो, आणि हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. विचारायलाच हवा, कारण पुस्तकातलं नेहमीचं उत्तर अर्ध्यावर थांबतं.

स्पिनचं काम एकच. तो तरंगफलनाच्या अवकाशी भागाला चिन्ह ठरवून देतो. पूर्ण तरंगफलनात दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की चिन्ह बदललंच पाहिजे. ट्रिपलेटचे तिन्ही स्पिनभाग अदलाबदलीत तसेच राहतात, म्हणून चिन्ह बदलायची जबाबदारी अवकाशी भागावर येते. सिंगलेटमध्ये स्पिनभागच चिन्ह बदलतो, म्हणून अवकाशी भाग तसाच राहतो. 1s ला a आणि 2s ला b म्हटलं तर:

```
सिंगलेट:  [a(1)b(2) + b(1)a(2)] / √2
ट्रिपलेट:  [a(1)b(2) − b(1)a(2)] / √2
```

आता दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बिंदूवर ठेवून बघा. ट्रिपलेटमध्ये दोन पदं एकमेकांना खातात आणि उत्तर शून्य येतं. सिंगलेटमध्ये ती एकमेकांत मिळतात, आणि तिथे सापडण्याची शक्यता, इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल न घेता फिरत असते तर जितकी असती, त्याच्या दुप्पट होते. म्हणजे ट्रिपलेटमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉनभोवती दुसऱ्यासाठी एक मोकळी जागा पडते. याला फर्मी होल म्हणतात. कोणी कोणाला ढकलून ही जागा केलेली नाही, वजाबाकीच्या चिन्हामुळे ती आपोआप पडली आहे.

या दोन फलनांनी इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणाची सरासरी काढली की सिंगलेटला J + K आणि ट्रिपलेटला J − K मिळतं. J म्हणजे a आणि b यांच्या ढगांमधलं साधं प्रतिकर्षण, आणि K म्हणजे अदलाबदलीतून येणारं पद. K नेहमी धन का, हे वर्गात बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. a आणि b यांच्या गुणाकाराला विद्युतभाराचा ढग समजा. त्याचा काही भाग धन, काही ऋण, बेरीज शून्य. K म्हणजे या ढगाची स्वतःशी असलेली स्थिरविद्युत ऊर्जा, आणि कुठल्याही ढगाची अशी ऊर्जा धनच असते. म्हणून ट्रिपलेट खाली. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे.

पण आकडे घातले की गाडी अडते. केंद्रकाचा भार २ धरून हायड्रोजनसारखी 1s आणि 2s वापरली तर J येतो ११.४२ आणि K येतो १.१९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग फरक 2K, म्हणजे २.३९ यायला हवा. वर्णपटावरून मोजलेल्या पातळ्या मात्र मूळ अवस्थेच्या वर १९.८२० (ट्रिपलेट) आणि २०.६१६ (सिंगलेट) आहेत, फरक ०.७९६. आपला अंदाज तिप्पट चुकला. दिशा बरोबर आली, पण माप चुकलं.

चूक कुठे आहे ते कळायला फार शोधावं लागत नाही. आत बसलेला 1s इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या भाराला आडोसा धरतो, त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनला २ ऐवजी १ च्या जवळपासच भार जाणवतो. खरं 2s आपण धरलं त्यापेक्षा खूप पसरलेलं असतं. a आणि b फारसे एकमेकांवर येत नाहीत, गुणाकाराचा ढग विरळ होतो आणि K लहान होतो.

इथपर्यंत ठीक. आता जी गोष्ट मला स्वतःला शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळली, ती सांगतो. वरच्या गणितात आपण दोन्ही अवस्थांना तीच a आणि तीच b दिली होती. त्यामुळे दोघांची गतिज ऊर्जा सारखी, केंद्रकाचं आकर्षणही सारखं, आणि सगळा फरक फक्त प्रतिकर्षणात. यावरूनच ते प्रसिद्ध वाक्य येतं, 'ट्रिपलेटमध्ये इलेक्ट्रॉन लांब राहतात, प्रतिकर्षण कमी, म्हणून ऊर्जा कमी.'

व्हिरियल प्रमेय हे मान्य करत नाही. कूलॉम बलांनी बांधलेल्या कुठल्याही स्थिर अवस्थेत एकूण ऊर्जा ही गतिज ऊर्जेच्या उलट चिन्हाइतकी असते. ट्रिपलेट ०.७९६ ने खाली असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सिंगलेटपेक्षा ०.७९६ ने जास्त असलीच पाहिजे. ती सारखी असूच शकत नाही. म्हणजे प्रत्यक्ष अणूत दोन्ही अवस्थांची ऑर्बिटल वेगळी आहेत.

हेलियमची अतिशय अचूक तरंगफलनं उपलब्ध आहेत, त्यामुळे जमाखर्च मांडता येतो. सिंगलेटमधून ट्रिपलेटमध्ये गेल्यावर काय बदलतं ते बघा. केंद्रकाचं आकर्षण २.०९६ इलेक्ट्रॉन व्होल्टने वाढतं, हा फायदा. गतिज ऊर्जा ०.७९६ ने वाढते, हा तोटा. आणि इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण? तेही ०.५०४ ने वाढतं. सिंगलेटमध्ये ते ६.७९ आहे आणि ट्रिपलेटमध्ये ७.३०. दोन्ही तोटे फायद्यातून वजा करा, बरोबर ०.७९६ उरतात.

पहिल्यांदा हा आकडा बघितला तेव्हा मला वाटलं, माझ्याकडूनच चिन्ह उलटं पडलंय. कागद घेऊन व्हिरियलने तपासलं, तर सगळं जुळलं. तुम्हीही एकदा हाताने करून बघा. आण्विक एककांत 1/r₁ ची सरासरी ट्रिपलेटला १.१५४६६ आणि सिंगलेटला १.१३५४१ आहे, तर 1/r₁₂ ची अनुक्रमे ०.२६८२० आणि ०.२४९६८. पहिलीला −४ ने गुणून त्यात दुसरी मिळवा, ही एकूण स्थितिज ऊर्जा. तिची निम्मी म्हणजे अवस्थेची ऊर्जा. उत्तरं −२.१७५२ आणि −२.१४६० येतात. मोजलेल्या ऊर्जा जवळजवळ याच आहेत.

मग फर्मी होलचं काय झालं? ती खरीच आहे, फक्त तिचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो. 2s इलेक्ट्रॉन अधूनमधून आत, 1s च्या प्रदेशात शिरतो. सिंगलेटमध्ये तिथे दुसरा इलेक्ट्रॉन अगदी शेजारी सापडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आत येणं महाग पडतं आणि ढग बाहेर पसरतो. ट्रिपलेटमध्ये होलमुळे दुसरा इलेक्ट्रॉन शेजारी नसतो, केंद्रकाचा आडोसा कमी होतो, आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन थोडा आत ओढला जातो. आत आल्यावर दोघांमधलं सरासरी अंतर कमी होतं, प्रतिकर्षण वाढतं, वेगही वाढतो. पण केंद्रकाच्या ओढीतून होणारा फायदा या दोन्ही तोट्यांना पुरून उरतो. म्हणून 'एक्सचेंजमुळे ट्रिपलेट खाली' हे विधान बरोबर आहे. 'प्रतिकर्षण कमी म्हणून' हे कारण गोठवलेल्या ऑर्बिटलपुरतंच खरं आहे.

कॉलेजात हेलियमची डिस्चार्ज ट्यूब असेल तर ही दोन कुटुंबं डोळ्यांनी बघून घ्या. इंचाला १५,००० रेघांची ग्रेटिंग असेल तर पहिल्या क्रमात पिवळी ५८७.६ नॅनोमीटरची रेषा २०° १८′ ला दिसेल, ती ट्रिपलेटची. तांबडी ६६७.८ ची २३° १४′ ला, ती सिंगलेटची. दोन्ही n = ३ च्या D पातळीवरून n = २ च्या P पातळीवर येतात, तरी त्यांच्यात ८० नॅनोमीटरचं अंतर आहे. ट्यूब जुनी असेल तर जपा. आत ओलाव्याचा अंश शिरलेला असला की हायड्रोजनची तांबडी ६५६.३ ची रेषा २२° ४८′ ला उगवते. आमच्या लॅबमध्ये एका मुलाने तीच हेलियमची समजून अख्खं जर्नल लिहिलं होतं. दोन तांबड्यांमध्ये २६ मिनिटांचा फरक आहे, व्हर्निअर टॉर्च लावून नीट वाचलं तर चुकायचं कारण नाही.

१८९५ मध्ये रुंगे आणि पाशेन यांनी या रेषा लावल्या, तेव्हा दोन गट इतके स्वतंत्र निघाले की हेलियम म्हणजे दोन वायूंचं मिश्रण असावं असं त्यांना वाटलं. ऑर्थोहेलियम आणि पॅराहेलियम ही नावं त्याच काळातली. अदलाबदलीच्या सममितीतून हायझेनबर्गने १९२६ मध्ये हे कोडं सोडवलं. दोन गटांत ये-जा जवळजवळ नाहीच, म्हणून 1s2s ट्रिपलेटमध्ये अडकलेला एकटा अणू सरासरी ७,८७० सेकंद, म्हणजे दोन तासांहून जास्त, तिथेच राहतो. सिंगलेटवाला साधारण २० मिलिसेकंदांत खाली येतो. ट्यूबमध्ये मात्र भिंतीवर आपटून ट्रिपलेटही फार आधी विझतं.

तोंडी परीक्षेत हमखास अडकवणारी एक गोष्ट राहिली. ट्रिपलेट खाली ही तुलना एकाच विन्यासातली असते. 1s2p चं ट्रिपलेट २०.९६ वर आहे, म्हणजे 1s2s च्या सिंगलेटच्याही वर, पण स्वतःच्या सिंगलेटच्या (२१.२२) खाली. आणि मूळ 1s² अवस्थेत a आणि b एकच असल्याने वजाबाकी सगळीकडेच शून्य होते, तिथे ट्रिपलेट नसतंच.