पोल्का डॉट ‘मॉड’ की ‘रॉकबिली’?

प्रश्न : लंडनमध्ये १९६५ साली घडणाऱ्या एका नाटकाची वेशभूषा माझ्याकडे आहे. संहितेत नायिकेला ‘मॉड’ म्हटलंय. दिग्दर्शकांना तिच्यासाठी ठिपक्यांचा, भरपूर घेराचा फ्रॉक हवाय. मला तो रॉकबिली वाटतो. कोण बरोबर, आणि हे ओळखायचं कसं?

उत्तर : तुम्ही बरोबर आहात, पण ठिपक्यांमुळे नाही. ठिपके दोन्हीकडे चालतात. फ्रॉक रॉकबिली ठरतो तो त्याच्या घेरामुळे.

आधी शब्दांचं थोडक्यात. ‘रॉकबिली’ म्हणजे रॉक अधिक हिलबिली, अमेरिकेच्या दक्षिणेतलं १९५४-५८च्या सुमाराचं संगीत. त्याचं मुख्य ठिकाण मेम्फिस. ‘मॉड’ हा ‘मॉडर्निस्ट’चा तुकडा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जी मुलं जुन्या धाटणीचा जॅझ सोडून मॉडर्न जॅझ ऐकत, ती स्वतःला मॉडर्निस्ट म्हणवत. आपल्याकडे मात्र ‘मॉड’ हा शब्द साठ-सत्तरच्या दशकांत ‘नव्या फॅशनचा’ एवढ्या सैल अर्थाने रुळला. बेलबॉटम घातलेलाही मॉड आणि बॉबकट केलेलीही मॉड. दिग्दर्शकांच्या मनात बहुधा हा आपला मराठी ‘मॉड’ असावा. तुमच्या संहितेतला मात्र लंडनचा आहे, आणि त्याचे नियम कडक होते.

आता कापड टेबलावर पसरू, म्हणजे फरक दिसेल. नायिकेची कंबर ६६ सेंटीमीटर धरा. रॉकबिलीचा पूर्ण गोल स्कर्ट बेतताना मधल्या भोकाची त्रिज्या येते साडेदहा सेंटीमीटर. लांबी ६२ सेंटीमीटर ठेवली तर खालचा घेर होतो जवळजवळ साडेचार मीटर. आत नेटचा पेटीकोट घातला की हा घेर उभा राहतो. वर अंगासरशी शिवलेली चोळी, मध्ये आवळलेला पट्टा. सगळी नजर कमरेवर खेचली जाते, आणि मुलगी गिरकी घेते तेव्हा स्कर्ट तिच्या मागून येतो. हा पोशाख नाचासाठीच आहे. रॉकबिलीत दुसरा, अंगाला चिकटणारा निमुळता स्कर्टही असतो. दिसायला तो अगदी उलटा, पण कंबर तिथेही तितकीच ठळक.

त्याच ठिपक्यांच्या कापडाचा मॉड फ्रॉक बेतायचा तर कमरेला जोडच येत नाही. खांद्यापासून खालपर्यंत एकच तुकडा, छातीपाशी दोन टक्स, काखेपासून खाली किंचित उघडत जाणारी रेषा. नितंब ९२ सेंटीमीटर असतील तर खालचा घेर ११५-१२० पुरतो. म्हणजे गोल स्कर्टच्या पाव भाग. लांबी गुडघ्याच्या वर. कंबर कुठे आहे ते कळतच नाही, आणि कळू नये असाच तो कट आहे. फॅशन डिझायनर मेरी क्वांटने १९५५मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर दुकान काढलं, आणि पुढच्या दहा वर्षांत शाळकरी मुलीच्या झग्यासारखी ही आकृती लंडनभर झाली. बाईने बाईसारखं भरीव दिसायचं हा पन्नासच्या दशकातला आग्रह तिथे सुटला, आणि मला त्या कपड्यांत तेच सगळ्यात आवडतं.

नक्षीचं कोडंही याच कटाने सुटतं. गोल स्कर्टमध्ये कापड एके ठिकाणी उभं, एके ठिकाणी आडवं, मध्ये तिरकं पडतं. त्यामुळे पट्टे आणि चौकडी अंगाभोवती फिरताना वाकडी होत जातात. ठिपक्याला वरखाली नसतं, म्हणून गोल स्कर्टला ठिपका सोयीचा. सरळ फ्रॉकमध्ये कापडाचा उभा धागा उभाच राहतो. तिथे काळे-पांढरे पट्टे, मोठे चौकोन, एकात एक वर्तुळं जशीच्या तशी दिसतात. मॉड कपड्यांवर भूमितीची नक्षी इतकी दिसते, त्यामागे त्या काळच्या, डोळ्यांना चकवणाऱ्या ऑप आर्ट चित्रांइतकाच या कटाचाही हात आहे. दिग्दर्शकांना ठिपके हवेच असतील तर ठेवा. फक्त रुपयाच्या नाण्याहून मोठे, पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे घ्या. लाल कापडावरचा बारीक पांढरा ठिपका लगेच पन्नासच्या दशकात नेतो.

एक धोका आधीच सांगून ठेवते. मॉड फ्रॉक पातळ पॉपलीनमध्ये शिवला तर तो अंगावर पडतो, आणि प्रेक्षकांना तो गाऊन वाटतो. कापडाला स्वतःचा ताठपणा हवा. जाड क्रेप, दुहेरी विणीचं जर्सी, नाहीतर जाड टेरीकॉट अस्तरासकट. शिवून झाल्यावर हँगरला लावा आणि बाजूने बघा. खालची कड हँगरवरसुद्धा उघडी उभी राहिली पाहिजे.

बुटांत टाच पाहा. रॉकबिली मुलगी एक तर उंच टाचेवर असते, नाहीतर पांढऱ्या आखूड मोज्यांवर दुरंगी सॅडल शूज घालते. मॉड मुलीची टाच बुटकी आणि जाड, बुटाचं टोक चौकोनी किंवा गोल, वर एक आडवा पट्टा. १९६४मध्ये पॅरिसचा डिझायनर कुरेज़ याने पांढरे, बिनटाचेचे, पोटरीपर्यंतचे बूट आणले. तुमच्या नाटकाच्या सालात ते अगदी ताजे असतील. आखूड झग्याखाली उंच बारीक टाच दिली की आकृती लगेच बिघडते. पाय लांब दिसतात, पण मुलगी मोठी, सजलेली बाई वाटते.

पुरुषांच्या बुटांत खरी गल्लत होते, कारण एकच सामान दोन्हीकडे आहे : वर स्वेड, खाली क्रेपचा सोल. मॉड पोरं क्लार्क्सचे डेझर्ट बूट घालत. ते घोट्यापर्यंत येतात, नाडीची भोकं दोन-तीन जोड्या, सोल पातळ, पाऊल सडपातळ दिसतं. दुसरे ते क्रीपर : घोट्याखालीच संपणारे आणि दोन-तीन बोटं जाड सोलचे. लांबून दोन्ही ‘स्वेडचे बूट’च दिसतात, म्हणून भाड्याने वेश देणारे एकाच्या जागी दुसरा देतात. सोलची जाडी पाहिली की चूक होत नाही. शिवाय क्रीपर हा मूळ मेम्फिसचा नाहीच. तो ब्रिटनच्या टेडी बॉईज या पन्नासच्या दशकातल्या नटव्या पोरांचा, आणि रॉकबिलीत तो तिथूनच आला. मेम्फिसची मंडळी दुरंगी बूट किंवा लोफर घालत. निळ्या स्वेडच्या बुटांना मात्र कार्ल पर्किन्सने १९५६मध्ये गाण्यातच अजरामर करून ठेवलं.

केसांत मराठी आपल्या मदतीला येते, कारण रॉकबिलीच्या पुरुषी केसांना आपल्याकडे चपखल शब्द आहे : कोंबडा. पुढचे केस पोमेडने ओले-चकचकीत करून वर चढवायचे, बाजूचे मागे ओढायचे आणि मानेच्या मध्यावर दोन्हीकडून आणून बदकाच्या शेपटीसारखे जुळवायचे. कंगव्याच्या दातांच्या रेघा केसांत दिसल्या पाहिजेत. मॉड पोराच्या केसांत तेल-पोमेड शोधून सापडायचं नाही. केस आखूड, कोरडे, बाजूला भांग, माथ्यावर उलटा कंगवा फिरवून थोडी उंची आणलेली. रंगमंचावर दिवा पडला की हे आपोआप कळतं. चमक दिसली तर तो मॉड नव्हे.

मुलींचे मॉड केस म्हणजे लंडनचा केशकर्तनकार विडाल ससून याची कात्री. साठच्या दशकाच्या मध्यावर त्याने केस सेट करणं, रोलर, स्प्रे सगळं बाजूला सारून असे कोन कापले की डोकं हलवल्यावर केस परत आपल्या जागी येऊन पडतात. त्याचा पाच टोकांचा कट त्याच काळातला. नायिकेला विग द्यायचा असेल तर कडा कात्रीने एका रेषेत कापून घ्या. विग बहुतेकदा विरळ कडांचा येतो, आणि तिथेच मॉडपणा जातो. रॉकबिलीत उलट, केस वळवलेले असतात : उंच पोनीटेल, कपाळावर गोल वळलेली बट. डोक्यावर दोन्ही बाजूंना नळ्यांसारखे गुंडाळलेले केस खरे तर चाळीसच्या दशकातले, युद्धकाळातले. आजच्या रॉकबिली मेळाव्यांत ते सर्रास दिसतात, म्हणून फसायला होतं.

चेहरा रंगवतानाही एक सोपी खूण आहे. रॉकबिलीत ओठ बोलतात : गडद लाल ओठ, डोळ्यांना फक्त बाहेर वर चढणारी एक रेघ. मॉडमध्ये ओठ फिके, जवळजवळ त्वचेच्या रंगाचे, आणि सगळा जोर डोळ्यांवर : वर जाड पापण्या, खालच्या पापण्या ब्रशने एकेक काढलेल्या. नायिकेला लाल लिपस्टिक लावली तर बाकी सगळं जमूनही ती अर्धी पन्नासच्या दशकात राहील.

बाकीच्या वस्तूंत फार शिरत नाही. मांजरडोळी चष्मा, गळ्यात बांधलेला रुमाल, रुंद पट्टा हे रॉकबिलीचं. मोठे प्लास्टिकचे गोल कानातले, पांढरी किंवा रंगीत टाइट्स, सपाट चौकोनी पर्स हे मॉडचं. चेरी आणि पाकोळीचे टॅटू मेम्फिसच्या काळात या पेहरावाचा भाग नव्हते. ते सत्तरच्या अखेरीस आणि ऐंशीत रॉकबिली परत आली त्या लाटेचे.

पुरुषपात्रांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लागतीलच. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरच्या लान्स्की ब्रदर्सच्या दुकानात एल्व्हिस कपडे घेई. तिथली पॅंट कमरेला चुण्यांची, मांड्यांना सैल, मोहरीला निमुळती, आणि कोट मोठा, खांद्याला रुंद. गाताना पाय हलले की पॅंटही हलते. मॉडचा कोट इटालियन वळणाचा : आखूड, तीन बटणांचा, अरुंद कॉलरचा. पॅंटला चुणी नाही, मोहरी अरुंद, बूट पूर्ण दिसतील इतकी आखूड. या नेटक्या सुटावर अमेरिकन सैन्याचा ढगळ एम-५१ पार्का हा लांब कोट चढवत. कारण साधं होतं : व्हेस्पा-लॅम्ब्रेटावरून जाताना सूट चिखलाने खराब होऊ नये. त्यामुळे पार्का घातलेला मुलगा घरात शिरला की आधी तो काढून ठेवेल. खाली सूट नीट नसेल तर पार्क्याला अर्थच नाही.

काळं चामड्याचं जॅकेट मात्र कुणालाच ‘रॉकबिली’ म्हणून देऊ नका. १९६५च्या लंडनमध्ये ते रॉकरचं, म्हणजे मोटरसायकलवाल्याचं, आणि वर्षभरापूर्वीच १९६४मध्ये क्लॅक्टन आणि ब्रायटनच्या किनाऱ्यांवर मॉड आणि रॉकर यांच्या मारामाऱ्या झालेल्या असतील. नायिकेचा भाऊ मॉड असेल आणि त्याने तसलं जॅकेट घातलं, तर लंडनचा प्रेक्षक चमकेल.

दिग्दर्शकांचा घेरदार फ्रॉक वाया घालवायची गरज नाही. संहितेत नायिकेची थोरली बहीण किंवा तिशीतली शेजारीण असेल तर तो तिला द्या, पेटीकोट काढून आणि पट्टा सैल करून. १९६५मध्ये तो दहा वर्षं जुना, कपाटातून काढलेला दिसेल, आणि शेजारी नायिका उभी राहिली की दोघींतलं अंतर संवादाशिवाय कळेल.