सकाळी पेमेंटची रांग तपासताना आधी काय बघायचं?

प्रश्न: सपोर्टमध्ये नवीन आहे. सकाळी पेमेंट क्यूमध्ये 6,000 मेसेज दिसले, तर घाबरायचं का?

उत्तर: नुसत्या आकड्यावरून ठरवू नका, सगळ्यात जुना मेसेज किती वेळ थांबलाय ते बघा. सेकंदाला 40 येत असतील आणि 60 निपटत असतील, तर दर सेकंदाला 20 कमी होतात, म्हणजे 6,000 साधारण 5 मिनिटांत संपतील. पाच मिनिटांनी पुन्हा बघा.

खरी काळजी उलट चित्राची: रांगेत जेमतेम 12 मेसेज, पण सर्वांत जुन्याचं वय वाढतच चाललंय. बहुधा एकच मेसेज प्रत्येक वेळी फेल होऊन परत रांगेत येतोय. त्याचा व्यवहार क्रमांक घेऊन पेमेंट गेटवेकडे व्यवहाराची स्थिती तपासा. पैसे आधीच कापले गेले असतील आणि तुम्ही तो पुन्हा चालवलात, तर ग्राहकाकडून दोनदा वसुली होऊ शकते. मेसेज पुसून रांग रिकामी करणं तर कधीच नाही.