कळवावे म्हणजे यू शुड नव्हे

पोरी, अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू तो मेल दाखवायला आलीस तेव्हा मी धड बोललो नाही. चहा टाकला आणि विषय बदलला. तुला वाटलं असेल काकांना कंटाळा आला. तसं नव्हतं. तुझ्या मेलमध्ये मला माझाच एक जुना फॅक्स दिसला, आणि तो आठवला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हणून आज बसून लिहितोय.

तुझा मराठी मसुदा उत्तम होता, तो इथे पुन्हा उतरवून घेतो. "सुधारित ड्रॉइंगची मंजुरी आपल्याकडून अद्याप आलेली नाही. आपण व्यग्र असाल याची कल्पना आहे. तरी गुरुवारपर्यंत मंजुरी कळवावी ही विनंती, म्हणजे शुक्रवारी आम्हाला कटिंग सुरू करता येईल." चेन्नईच्या त्या क्वालिटीच्या साहेबांना मराठी येत असतं तर त्यांनी दुपारीच मंजुरी दिली असती. पण त्यांना गेलं ते हे:

```
You have not sent approval of revised drawing.
I know you are busy. You should inform by
Thursday, this is a request.
```

उत्तर आलं एका शब्दाचं, "नोटेड". आणि भोसरीत तुमच्या मॅनेजरांनी तुला केबिनमध्ये बोलावून विचारलं, कस्टमरला दम का देतेस? तू मला म्हणालीस, "काका, मी तर वर रिस्पेक्टेड सर लिहिलं होतं."

लिहिलं होतंस ना. पण मान वरच्या ओळीत नसतो, पोरी. मान क्रियापदात असतो. मराठीतही आणि इंग्रजीतही.

मराठीत तू हे विचार न करता पाळतेस. धाकट्या भावाला "पाठव", शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला "पाठवा", साहेबांना "पाठवाल का", अगदीच मोठी मेहेरबानी मागायची असेल तर "पाठवू शकाल का". एकाच धातूच्या या पायऱ्या आहेत, आणि कुणाशी बोलताना कितव्या पायरीवर उभं राहायचं हे तुला घरात शिकवलेलं आहे. इंग्रजीत "यू" एकच, तू-तुम्ही-आपण असला भेद नाही, म्हणून लोकांना वाटतं त्या भाषेत मान दाखवायची सोयच नाही. मग ती माणसं काइंडली आणि हंबली यांची पोती भरून आणतात. सोय आहे. तिथेही पायऱ्याच आहेत: नुसतं सेंड, मग प्लीज सेंड, मग कुड यू प्लीज सेंड, मग वुड यू बी एबल टू सेंड. "प्लीज सेंड" म्हणजे आपलं "पाठवा". सहकाऱ्याला ठीक आहे. ज्यांच्याकडून मंजुरी हवी त्यांना एक पायरी वर चढूनच लिहावं लागतं.

आता तू जिथे पडलीस ती पायरी बघ. "कळवावी". हे "-आवे" मोठं फसवं रूप आहे. पत्रात, पुढे "ही विनंती" जोडून आलं की ते अदबीचं असतं, कारण आपण समोरच्याला थेट आज्ञा करत नाही, काम व्हावं अशी इच्छा बोलून दाखवतो. पण तेच रूप आपल्या पुण्याच्या पाट्यांवर काय करतं? "बेल एकदाच वाजवावी." "गाडी फाटकासमोर लावू नये." तिथेही कृपया असतं, विनंती असते, आणि तरी वाचणाऱ्याची मान खाली जाते. एकाच रूपात पत्र पण आहे आणि पाटी पण आहे. शब्दकोशात शोधून तू "शुड" घातलंस तेव्हा पत्र पुण्यातच राहिलं आणि पाटी तेवढी चेन्नईला गेली. "यू शुड इन्फॉर्म" म्हणजे "तुम्ही कळवायला हवं, एवढंही कळत नाही का?" त्यापुढे "धिस इज अ रिक्वेस्ट" लिहून काही सावरत नाही. उलट रागावलेला माणूस दात आवळून विनंती करतोय असं वाटतं.

"कळवावी"चं इंग्रजी "कुड यू लेट अस नो" असं होतं. शब्दाला शब्द नाही, पायरीला पायरी.

तू काल विचारलंस, कुड म्हणजे भूतकाळ ना? शाळेत "शकलो" असंच शिकवलं होतं. मला हसू आलं, कारण तू स्वतः दाराशी उभी राहून काय म्हणाली होतीस? "काका, जरा एक काम होतं." काम होतं? काम तर तेव्हाच होतं, हातात लॅपटॉप घेऊन उभी होतीस. बँकेच्या खिडकीशी जाऊन आपण म्हणतो, "साहेब, जरा विचारायचं होतं." विचारायचं आत्ता असतं, क्रियापद मात्र एक पाऊल मागे काळात नेतो, म्हणजे समोरच्याच्या अंगावर गेल्यासारखं होत नाही. इंग्रजीतलं कुड, वुड, आय वॉन्टेड टू आस्क हे सगळं तेच आहे. काळाने मागे सरकायचं, म्हणजे माणसापासून अदबीने मागे सरकल्यासारखं होतं. तुला हे शिकायचं नाहीये, तुला हे येतं. फक्त तिकडे ओळखायचं आहे.

पहिल्या वाक्याकडे ये. मराठीत तुझी "मंजुरी आलेली नाही". कर्ता कोण? मंजुरी. साहेबांना तू वाक्यात फक्त "आपल्याकडून" म्हणून कडेला उभं केलंस. इंग्रजीत मात्र "यू हॅव नॉट सेंट", म्हणजे त्यांना ओढून मध्यभागी आणलंस आणि "नाही" त्यांच्या गळ्यात घातलंस. तिथे कर्ता "आम्ही" कर: आम्हाला अजून मिळालेली नाही. आणि ते "अद्याप" गाळू नकोस. "यट" एवढासा शब्द आहे, पण त्यात "येईलच" हा विश्वास असतो.

दुसरं वाक्य, "आपण व्यग्र असाल". यातली अदब व्यग्र या शब्दात नाही, "असाल"मध्ये आहे. आपण खात्रीने बोलत नाही, अंदाज करतो. "आय नो यू आर बिझी" झालं की अंदाज गेला आणि टोमणा उरला. ठेवायचंच असेल तर "धिस मे बी अ बिझी वीक फॉर यू" म्हण. ते "मे" म्हणजेच तुझं "असाल". मी तर ते वाक्य काढूनच टाकीन. काढलेल्या वाक्याने आजवर कुणाचा अपमान झालेला नाही.

तेव्हा मेल असा:

```
We have not yet received the approval for the
revised drawing. Could you please let us know
by Thursday evening? That will allow us to
start cutting on Friday.
```

शेवटचं वाक्य तुझ्या मूळ मसुद्यात होतं आणि इंग्रजी करताना तूच गाळलंस, "लांबतंय" म्हणून. का गाळलंस? मुदत देताना कारण दिलं नाही की ती नोटीस होते. कारण दिलं की समोरचा माणूस आपल्या कामात सामील होतो.

आता माझा फॅक्स. 1993 साल असेल. मी ज्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायचो, तिथून इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या खरेदीदाराला सुटे भाग जायचे. त्याच्या प्रत्येक फॅक्सची सुरुवात माझ्या आडनावाने व्हायची आणि शेवटी बागेतल्या गुलाबांविषयी एखादी ओळ असायची. एकदा त्याची बाकी थकली. आमच्या साहेबांनी मला मराठीत सांगितलं, "बाकी रक्कम त्वरित पाठवण्याची कृपा करावी, असं लिहा." मी सरकारी पत्रांतून शिकलेलं इंग्रजी काढलं आणि ठोकून दिलं, "यू आर रिक्वेस्टेड टू रिलीज द बॅलन्स इमिजिएटली". "आपणांस विनंती करण्यात येते की" याचं चोख भाषांतर! आपल्याकडच्या कचेऱ्यांत ते खपतं. पण त्या वाक्यात विनंती करणारा माणूसच नाही. कुणी विनंती केली? कुणीच नाही. ती वरून येते, जप्तीच्या नोटिशीसारखी. पैसे चार दिवसांत आले. पुढचा फॅक्स सुरू झाला "डिअर सर्स" असा. माझं आडनाव गेलं, गुलाबही गेले, आणि तो निवृत्त होईपर्यंत परत आले नाहीत.

तू म्हणशील, पैसे थकले होते, मग तुमचं काय चुकलं? मीही इतकी वर्षं हेच म्हणत आलो. दोन महिने थकले होते, काही थोडेथोडके नाहीत. साहेबांनी "त्वरित" म्हटलं होतं, मी माझ्या मनचं काही घातलं नव्हतं. आणि खरं सांगू, अजूनही वाटतं की त्या म्हाताऱ्याने जरा समजून घ्यायला हवं होतं. पण साहेबांच्या तोंडात "कृपा करावी" होतं आणि मी पाठवली ती नोटीस, हेही खरं आहे.

आणि हे वाचून आता दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. रात्री तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला नवा मसुदा पाहिला. "मोस्ट रिस्पेक्टेड सर, आय हंबली रिक्वेस्ट यू टू काइंडली प्लीज". अगं, काय हे! काइंडली आणि प्लीज एका वाक्यात म्हणजे एकाच माणसाला दोनदा नमस्कार. आणि त्यानंतर क्रियापद काय, तर "अप्रूव्ह". नुसतं. आधी साष्टांग दंडवत आणि मग "कर". क्रियापद चढव, बाकीचं आपोआप उतरेल. ड्रॉइंग तपासणं हे त्यांचं कामच आहे, तू उसने पैसे मागत नाहीयेस, तेव्हा "कुड यू प्लीज" इथे पुरे. ती "वुड यू बी एबल टू" वाली पायरी त्यांच्या नेमून दिलेल्या कामाबाहेरचं काही मागशील तेव्हासाठी राखून ठेव. आणि उद्या कधी चुकीच्या मापाचा माल कापला जात असेल तर पायऱ्या-बियऱ्या विसर आणि सरळ "प्लीज स्टॉप कटिंग" लिही. तिथे अदबीपायी एक मिनिट घालवणं हा मूर्खपणा.

पाठवण्याआधी एक कर. मराठी मसुदा पालथा ठेव, इंग्रजी मेलमधली फक्त क्रियापदं घे आणि ते साहेब समोर खुर्चीत बसलेत असं समजून ती मोठ्याने मराठीत म्हण. मग मसुदा उलटून बघ. तिथे "कळवावी" आहे आणि तोंडातून "कळवा" निघालं, तर पायरी घसरली. "कळवण्याची कृपा होईल का" असं काहीतरी निघालं, तर उगाच चढलीस. हे मी त्या फॅक्सनंतर सुरू केलं. ऑफिसातले लोक हसायचे, मी भिंतीशी बोलतो म्हणून.

नवा मेल पाठवशील तेव्हा मॅनेजरांना सीसीत ठेवू नकोस. मागच्या वेळचं शुड चारचौघांत झालं होतं, तेच जास्त लागलं असणार. रविवारी सकाळी ये. त्यांचं उत्तर आलं असेल तर प्रिंट काढून आण, मला स्क्रीनवर वाचवत नाही. वर तुझं नाव लिहिलंय का, ते मला आधी बघायचं आहे.

तुझा,
काका