मालिकेतले भाग कधी लॉक करावेत?

«वाचक-ॲपवर माझी मराठी कथामालिका चांगली वाचली जाते, पण भाग सशुल्क केले की वाचक गळतात. किती भाग मोफत ठेवावेत? यातून खरंच पैसे मिळतात का?»

मी सोलापूरला राहते आणि सहा वर्षांपासून प्रतिलिपीसारख्या ॲपवर मालिका लिहिते. पैसे मिळतात, पण ते कोणाकडून आणि कधी मिळतात हे समजायला मला दोन मालिका लागल्या.

मी लिहिते त्या पद्धतीत लॉक झालेला भाग वाचकाला दोन मार्गांनी उघडता येतो. तो एक दिवस थांबला तर पुढचा एक भाग मोफत उघडतो, आणि थांबायचे नसेल तर कॉइन खर्चून लगेच उघडतो. म्हणजे वाचक खरे तर प्रतीक्षा टाळण्याचे पैसे देतो. याचा परिणाम असा होतो की मालिका चालू असताना रोज मागोमाग येणारा वाचक सहसा कॉइन खर्च करत नाही, कारण त्याच्यापुढे वाचायला एखाददुसराच भाग असतो. मालिका पूर्ण झाल्यावर येणाऱ्या वाचकापुढे मात्र तीस-चाळीस लॉक भाग एकत्र पडलेले असतात, आणि रात्री अकरा वाजता कथेत अडकलेला हाच वाचक पैसे मोजतो.

माझी दुसरी मालिका ४८ भागांची होती. सोलापूरच्या पूर्व भागातील एका विडी कामगार बाईची मुलगी कारखान्याच्या मोजणीत बाद ठरवलेल्या विड्यांचा हिशोब गुपचूप लिहून ठेवते, अशी ती कथा. आठवड्याला तीन भाग टाकले, म्हणजे सोळा आठवडे लागले. पहिले दहा भाग मोफत होते. या चार महिन्यांत कॉइनमधून जवळपास काहीच आले नाही. नवा भाग इतरांच्या आधी वाचायला मिळावा म्हणून दरमहा लेखकाला आधार देणारे मात्र ३१ वाचक जमले, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकामागे ॲपचा वाटा वजा जाता मला सुमारे पंधरा रुपये, म्हणजे महिन्याला जेमतेम ४६५ रुपये मिळत. मालिका संपल्यावर पहिल्याच महिन्यात सुमारे नव्वद वाचकांनी उरलेले ३८ भाग कॉइनवर सलग वाचले. भागामागे माझ्या हाती दीड रुपया पडे, म्हणून एका वाचकामागे ५७ आणि एकूण ५,१३० रुपये झाले. त्यानंतर आकडा उतरत गेला, तरी थांबला नाही. हे आकडे माझ्या एका मालिकेचे आहेत; तुमच्या ॲपचा वाटा आणि दर वेगळे असतील, तेव्हा ते करारात आधी पाहा.

म्हणून मला «किती भाग मोफत» यापेक्षा «लॉक कोणत्या प्रसंगावर येतो» हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पहिल्या मालिकेत मी अकराव्या भागापासून लॉक लावला होता, आणि तो भाग होता नायकाच्या वडिलांच्या गिरणीतल्या जुन्या दिवसांचा. दहाव्या भागाचे शेवटचे वाक्य काहीच शिल्लक ठेवत नव्हते, त्यामुळे वाचकाला थांबण्याचेही कारण नव्हते आणि पैसे देण्याचेही नव्हते. दुसऱ्या मालिकेत दहावा भाग गड्डा यात्रेच्या गर्दीत संपला: मुलीची हिशोबाची वही हरवते आणि कारखान्याचा मुनीम तिला हाक मारतो. अकरावा भाग त्याच क्षणापासून सुरू होतो. भाग तितकेच मोफत होते, तरी लॉक ओलांडणारे वाचक कितीतरी वाढले.

गळती तपासताना पहिल्या भागाच्या वाचनसंख्येशी तुलना करू नये. पहिला भाग कितीतरी जण नुसता उघडून पाहतात, आणि दुसऱ्या भागाला संख्या निम्म्यावर आली तरी मी ते स्वाभाविकच धरते. तिसऱ्या भागापासून पुढे प्रत्येक भागाची संख्या मागच्याशी लावून पाहा. लॉकच्या आधीच, समजा सातव्या भागाला, संख्या एकदम खाली आली असेल, तर दोष लॉकचा नाही, सातव्या भागाचा आहे, आणि तो भाग पुन्हा लिहावा लागेल. लॉकनंतर घट होणारच, पण त्यापुढे संख्या स्थिर राहिली तर उरलेले वाचक शेवटपर्यंत येतात. लॉक भागांमध्येही ती घसरत राहिली, आणि अभिप्रायांत «कथा पुढे सरकत नाही» असे दिसू लागले, तर आपण भाग वाढवण्यासाठी प्रसंग ताणत आहोत. हा मोह मलाही झाला होता, कारण जास्त भाग म्हणजे जास्त कॉइन असे वाटते. प्रत्यक्षात पैसे देऊन रिकामा भाग वाचलेला वाचक पुढची मालिका उघडतच नाही, आणि मला ते त्याच्याशी केलेले अन्याय्य वर्तन वाटते.

तुमच्या मालिकेबाबत मी इतकेच सुचवेन की ती पूर्ण लिहून होईपर्यंत पहिला भाग टाकू नका, निदान दोन-तृतीयांश तरी हाताशी ठेवा. अर्धवट सोडलेल्या मालिकेचे लॉक भाग कोणीही सलग विकत घेत नाही, आणि मासिक आधार देणारे वाचकही दोन आठवडे भाग न आल्यास सदस्यत्व बंद करतात. पहिली मालिका लिहिताना घरातल्या आजारपणामुळे माझा तीन आठवडे खंड पडला होता. तेव्हा गेलेल्या चौदा आधारदात्यांपैकी दोघीच परत आल्या.