६ मणी, ३ रंग: ७२९ ला ६ ने भागून उत्तर का येत नाही?

प्रश्न: ६ मण्यांची गोल माळ आहे. प्रत्येक मण्याला ३ पैकी कोणताही रंग द्यायचा आणि फिरवून एकसारख्या होणाऱ्या माळा एकच धरायच्या. एकूण रचना ३^६ = ७२९, फिरवण्याचे प्रकार ६, मग ७२९ ÷ ६ = १२१.५ येतं! बर्नसाइडच्या लेमाने, म्हणजे प्रत्येक फिरवण्याने न बदलणाऱ्या रचना मोजून त्यांच्या बेरजेला ६ ने भागलं की, १३० येतं, पण "न बदलणाऱ्या" रचना मोजून वेगळ्या माळा कशा मोजल्या जातात हे कळत नाही.

उत्तर:

६ ने भागताना असं धरलं जातं की प्रत्येक माळ ७२९ रचनांच्या यादीत बरोबर ६ वेळा आली आहे. बहुतेक माळांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण सगळे मणी लाल असलेली माळ यादीत एकदाच आहे, कारण ती कितीही फिरवली तरी तीच राहते. लाल-हिरवा-लाल-हिरवा-लाल-हिरवा ही माळ दोनदाच आहे. लाल-हिरवा-निळा-लाल-हिरवा-निळा ही तीनदा. अशा माळांनाही सरसकट ६ ने भागलं, की पहिली एक षष्ठांश मोजली जाते, दुसरी एक तृतीयांश, तिसरी अर्धी. तुमच्या उत्तरातला अपूर्णांक तिथून आला आणि उत्तर कमी पडलं तेही त्यामुळेच.

म्हणजे भागाकार चुकीचा नाही, भाज्य अपुरा आहे. यादीत कमी वेळा येणाऱ्या माळांची भरपाई केली, तर ६ ने भागणं बरोबर ठरेल. आता नेमकी किती भरपाई लागते ते पाहा. प्रत्येक रचना एकदा मोजण्याऐवजी, तिला जितकी फिरवणी जशीच्या तशी ठेवतात तितक्या वेळा मोजा. ० घरं फिरवणं, म्हणजे काहीच न करणं, हेही एक फिरवणं धरायचं.

सगळी लाल माळ: रचना १, तिला तशीच ठेवणारी फिरवणी ६, गुणाकार ६. लाल-हिरवा आलटून पालटून: रचना २, प्रत्येकीला तशीच ठेवणारी फिरवणी ३ (०, २ आणि ४ घरं), गुणाकार ६. लाल-हिरवा-निळा दोनदा: रचना ३, फिरवणी २ (० आणि ३ घरं), पुन्हा ६. ज्या माळेत कसलीच पुनरावृत्ती नाही तिच्या रचना ६ आणि फिरवणं एकच, काहीच न करण्याचं. तिथेही ६. प्रत्येक माळेच्या वाट्याला ६ च आले.

हा योगायोग नाही. एखादी रचना घ्या आणि तिच्यावर सहाही फिरवणी करून पाहा. समजा त्यातून s वेगवेगळ्या रचना मिळाल्या. या s रचनांच्या संचाला ऑर्बिट म्हणतात आणि आपल्याला मोजायची "माळ" म्हणजे हे ऑर्बिटच. मूळ रचनेला एका ठराविक रचनेपर्यंत नेणारी फिरवणी किती? एक सापडलं, की त्याच्या आधी मूळ रचनेला न बदलणारं कोणतंही फिरवणं जोडता येतं, आणि तिथे नेणारी सगळी फिरवणी अशीच मिळतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी पोचवणाऱ्या फिरवण्यांची संख्या सारखीच असते: न बदलणारी जितकी, तितकी. सहा फिरवणी s ठिकाणी समान वाटली गेली, म्हणजे प्रत्येकी ६/s. मग एका ऑर्बिटची बेरीज s × ६/s = ६. लेमाचा सगळा जीव एवढ्यात आहे.

आता उरते ती बेरीज करण्याची सोय. एकेक रचना घेऊन तिला कोणती फिरवणी तशीच ठेवतात हे तपासायचं, तर ७२९ वेळा बसावं लागेल. उलट बाजूने मोजलं तर काम सहा ओळींचं: एकेक फिरवणं घ्यायचं आणि त्याने न बदलणाऱ्या रचना किती, ते पाहायचं. जोड्या त्याच, फक्त मोजण्याचा क्रम बदलला. "न बदलणाऱ्या रचना" सूत्रात शिरतात त्या इथे.

२ घरं फिरवल्यावर रचना बदलू नये, तर पहिला, तिसरा, पाचवा मणी एकाच रंगाचा हवा, आणि दुसरा, चौथा, सहावा एकाच रंगाचा. फिरवत राहिल्यावर एकमेकांच्या जागी येणाऱ्या मण्यांचा गट म्हणजे एक चक्र. इथे दोन चक्रं झाली, म्हणून ३^२ = ९ रचना. ३ घरं फिरवताना समोरासमोरचे मणी जोडीने सारखे हवेत, तीन चक्रं, ३^३ = २७. एक घर फिरवताना सगळेच मणी एका चक्रात येतात, म्हणून ३. साधारण नियम असा की k घरं फिरवण्यात ६ आणि k यांचा मसावि जितका, तितकी चक्रं. म्हणून ४ घरांना ९ आणि ५ घरांना ३. काहीच न करण्याने सगळ्या ७२९ तशाच राहतात.

७२९ + ३ + ९ + २७ + ९ + ३ = ७८०, आणि ७८० ÷ ६ = १३०.

पडताळा घ्यायचा तर ऑर्बिटं आकारानुसार वेगळी करा. एका रचनेची ३. दोन रचनांची (९ − ३) ÷ २ = ३. तीन रचनांची (२७ − ३) ÷ ३ = ८. उरलेल्या ७२९ − ३ − ६ − २४ = ६९६ रचनांची ११६. बेरीज १३०. पहिल्यांदा करताना हा पडताळा मी नेहमी करायला सांगतो. नुसता पूर्णांक आला म्हणजे उत्तर बरोबर, असं मात्र धरू नका. चुकीची बेरीजही योगायोगाने ६ ने भागली जाऊ शकते.

माळ उलटीही करता येत असेल, तर एकेका आसाभोवती उलटण्याच्या आणखी ६ क्रिया येतात आणि भाजक १२ होतो. इथे घोटाळा होतो तो आसांचा. मण्यांची संख्या सम असली की आस दोन प्रकारचे असतात. समोरासमोरच्या दोन मण्यांतून जाणारे ३: ते दोन मणी जागेवर राहतात आणि उरलेल्यांच्या दोन जोड्या होतात, म्हणजे चार चक्रं, ३^४ = ८१. मण्यांच्या मधल्या फटीतून जाणारे ३: तीन जोड्या, २७. एकूण ७८० + २४३ + ८१ = ११०४, भागिले १२, ९२. सहाही आस एकाच प्रकारचे धरले की हिशेब बिघडतो. मण्यांची संख्या विषम असेल तर प्रत्येक आस एका मण्यातून आणि समोरच्या फटीतून जातो, तिथे ही भानगड नाही.

शेवटची गोष्ट: "रंगांची संख्या घात चक्रांची संख्या" हे लेमाचा भाग नाही. रंगांवर काही अट नसेल तेव्हाच ते चालतं. समजा प्रत्येक रंगाचे बरोबर २ मणी हवेत. एकूण रचना ९०. एक, दोन, चार किंवा पाच घरं फिरवताना चक्राची लांबी ६ किंवा ३ येते, आणि एका रंगाच्या दोन मण्यांनी असं चक्र भरता येत नाही, म्हणून तिथे ०. तीन घरं फिरवताना तीन जोड्यांना तीन वेगळे रंग, ६ प्रकारे. (९० + ६) ÷ ६ = १६. लेमा तोच राहिला, फक्त न बदलणाऱ्या रचना अट पाळून मोजल्या.