चिनी भाषेतला एक छोटासा ‘ल’

प्रश्न: चिनी भाषेत म्हणे क्रियापद कधी बदलतच नाही. विभक्ती नाही, भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही. मग झालं काय आणि होणार काय, हे त्यांना कळतं तरी कसं? आणि मराठी माणसाला हे सोपं जातं का?

मी ठाण्यात राहते आणि नोकरीसाठी रोज ट्रान्सहार्बर लोकलने रबाळ्याला जाते. यंत्रांचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका कंपनीत चिनी पुरवठादारांशी बोलायचं आणि त्यांचे निरोप साहेबांना समजावून सांगायचे, हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न मी पुस्तकात कमी आणि कामात जास्त सोसला आहे.

क्रियापद बदलत नाही हे अगदी खरं. ‘छ’ म्हणजे खाणे. मी, तू, ती, आम्ही, काल, उद्या, काहीही असो, ते ‘छ’च राहतं. आपल्याकडे खातो, खाते, खाल्ला, खाल्ली, खायचो, खाईन अशी रांग लागते, तशी तिथे लागतच नाही. अशा भाषांना भाषाशास्त्रात अयोगात्मक म्हणतात, कारण शब्दाला प्रत्यय चिकटत नाहीत. पण प्रत्यय नाहीत म्हणजे व्याकरण नाही असं नव्हे. व्याकरण शब्दांच्या जागेत आणि काही बारक्या शब्दांत असतं. चिनी लोक या बारक्या शब्दांना ‘रिकामे शब्द’ म्हणतात आणि उरलेल्यांना ‘भरीव शब्द’. मा च्यान-चुंग यांनी 1898 मध्ये चिनी माणसाने लिहिलेलं चिनीचं पहिलं पद्धतशीर व्याकरण प्रसिद्ध केलं तेव्हा हीच जुनी विभागणी पायाला घेतली होती.

सगळे रिकामे शब्द इथे सांगत बसत नाही. एकच घेते, कारण मराठी माणूस हमखास त्याच्यात अडकतो: ‘ल’. उच्चार जवळजवळ आपल्या ‘ल’ सारखाच, हलका आणि तोकडा. (खालची चिनी वाक्यं देवनागरीत जमतील तेवढी लिहिली आहेत, त्यांत सूर दाखवलेले नाहीत.) तो क्रियापदाच्या मागे आलेला ऐकला की आपल्या कानात लगेच ‘आला, गेला, केला’ वाजतं. ‘लाय’ म्हणजे येणे, ‘लाय ल’ म्हणजे आला. या दोन ‘ल’चं आपसांत काही नातं नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण हा योगायोग इतका पटतो की ‘ल म्हणजे भूतकाळ’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. माझ्याही बसलं होतं, आणि त्याची किंमत एकदा मोजावी लागली.

नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका कारखान्याकडून निरोप आला: ‘वोमन तंग ल ल्यांग क शिंगछी ल.’ वोमन म्हणजे आम्ही, तंग म्हणजे वाट पाहणे, ल्यांग क शिंगछी म्हणजे दोन आठवडे. मी साहेबांना सांगितलं, ‘त्यांनी दोन आठवडे वाट पाहिली.’ साहेबांनी त्याचा जो अर्थ कोणीही मराठी माणूस घेईल तोच घेतला: वाट पाहून झाली, आता काम सुरू केलं असेल. आम्ही निवांत राहिलो. चार दिवसांनी फोन केला तेव्हा कळलं की काम सुरूच झालेलं नाही. आमच्याकडून ड्रॉइंगला मंजुरी जायची होती आणि ते तिच्यासाठी अजूनही थांबले होते.

वाक्यात दोन ‘ल’ होते आणि मी एकच वाचला होता. पहिला क्रियापदाला लागून, दुसरा वाक्याच्या अगदी शेवटी. शेवटचा काढून टाकला, ‘वोमन तंग ल ल्यांग क शिंगछी’ एवढंच ठेवलं, तर ‘आम्ही दोन आठवडे वाट पाहिली’ असा संपलेला हिशोब होतो. शेवटी ‘ल’ लावला की तो हिशोब आत्ताच्या क्षणाशी बांधला जातो: ‘आम्हाला वाट बघत दोन आठवडे झाले.’ म्हणजे इथवर दोन आठवडे भरलेत, आणि दुसरं काही सांगितलं नसेल तर वाट पाहणं चालूच आहे. मराठीत आपण त्यासाठी वाक्याची सगळी बांधणी बदलतो. त्यांनी एक अक्षर शेवटी ठेवलं.

हे खरोखर दोन वेगळे शब्द आहेत. मँडरिनमध्ये, म्हणजे मी इथे सांगते आहे त्या प्रमाण चिनीत, त्यांचा उच्चारही तोच आणि लिहायचं अक्षरही तेच, म्हणून शिकणाऱ्याची फसगत होते. हाँगकाँगच्या कँटनीजमध्ये मात्र क्रियापदामागचा शब्द ‘चो’ सारखा आहे आणि वाक्याच्या शेवटचा ‘ला’ सारखा. तिथे घोळ व्हायला जागाच नाही. कँटनीज येणाऱ्या एका सहकाऱ्याने मला हे दाखवलं तेव्हा कुठे डोक्यातला गुंता सुटला.

आधी क्रियापदामागचा ‘ल’ बघू. तो ‘संपणे’ या अर्थाच्या ‘ल्याव’ या क्रियापदापासून झिजत आला आहे. आपण ‘जेवून झालं’, ‘लिहून झालं’ म्हणतो, त्यातल्या ‘झालं’सारखं ते पूर्वी वाक्यात मागे येत असे. मग क्रियापदाला जाऊन बिलगलं आणि उच्चारात आखूड झालं. म्हणून तो काळ दाखवत नाही, ती क्रिया पुरी झाली एवढंच दाखवतो. पुरी होण्याची गोष्ट उद्याचीही असू शकते: ‘मिंगथ्येन वो श्या ल पान च्यौ छ्यू’, म्हणजे ‘उद्या ऑफिस सुटलं की जाते.’

आता हे मराठी वाक्य परत वाचा. उद्याची गोष्ट आहे आणि आपण ‘सुटलं’ म्हणतोय! ‘पाऊस थांबला की निघू’, ‘पगार झाला की देतो’, सगळीकडे तेच. म्हणजे आपला ‘ल’ही प्रत्येक वेळी भूतकाळाचा नसतो, एक गोष्ट पुरी झाल्यावर दुसरी होईल हेही तोच सांगतो. मला वर्गात कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की चिनीतला ‘ल’ म्हणजे ‘आला-गेला’मधला ‘ल’ नव्हे, ‘ऑफिस सुटलं की’मधला आहे, तर अर्धी वाट सोपी झाली असती.

उलट, गोष्ट कालची असूनही ‘ल’ येत नाही, असंही होतं. ‘काल तो खूप कामात होता’ हे चिनीत ‘त्स्वोथ्येन था हन मांग’ एवढंच होतं. त्स्वोथ्येन म्हणजे काल, आणि काळ सांगायला तो एक शब्द पुरतो. ‘लहानपणी मी रोज चालत शाळेत जायचे’ यातही ‘ल’ नाही, कारण सवय पुरी होत नसते. मी स्वतःसाठी एक आडाखा बांधला आहे: मराठीत जिथे ‘होता’ किंवा ‘जायचे’ म्हणावंसं वाटतं तिथे ‘ल’ घालायचा नाही. हा आडाखा बराच लांबवर साथ देतो. ‘म्हणाला’पाशी मात्र आपला ‘ल’ दगा देतो. ‘तो म्हणाला की उद्या येतो’ अशा वाक्यात म्हणण्यामागे चिनी माणूस सहसा ‘ल’ लावत नाही. तिथे महत्त्व काय म्हटलं याला असतं, म्हणणं पुरं झालं याला नसतं.

नकाराचंही असंच. ‘मी जेवले नाही’ म्हणजे ‘वो मेइ छ फान’. इथे ‘ल’ गळतो, आणि विचार केला तर ते रास्तच आहे, कारण जे झालंच नाही ते पुरं कुठून होणार? पण ‘वो पू छ ल’ असं म्हटलं तर अर्थ सगळा फिरतो: ‘मी आता खात नाही.’ ताटात वाढत सुटलेल्या यजमानाला आपण ‘बास, आता नको’ म्हणतो, ते हे. इथला ‘ल’ वाक्याच्या शेवटचा, दुसरा. आधी एक परिस्थिती होती, आता वेगळी आहे, एवढं तो सांगतो. आधी खात होते, आता थांबले.

याच दुसऱ्या ‘ल’मुळे आकाशाकडे बघत कोणी ‘श्या यू ल’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘पाऊस पडला’ असा करू नये. त्याचा अर्थ ‘पाऊस लागला’. आत्तापर्यंत नव्हता, आता आहे.

या पावसाच्या वाक्यातच शब्दांच्या जागेचा खेळही दिसतो, आणि मला चिनीतली सगळ्यांत देखणी गोष्ट हीच वाटते. ‘यू’ म्हणजे पाऊस आणि ‘श्या’ म्हणजे खाली येणे. ‘श्या यू ल’ मध्ये पाऊस क्रियापदाच्या मागे आहे. पाऊस थांबला की म्हणायचं ‘यू थिंग ल’, आणि आता पाऊस पुढे आला! कारण जो पाऊस नव्याने आला त्याची ऐकणाऱ्याशी ओळख नव्हती. थांबला तो मात्र मघापासून दोघांच्या डोळ्यांसमोर पडणारा, ओळखीचा पाऊस. ओळखीचं आधी, नवं मागून.

पाहुण्यांचंही तसंच. ‘खरन लाय ल’ म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. ‘लाय खरन ल’ म्हणजे अहो, कोणीतरी पाहुणे आलेत. शब्द तेच तीन, पण पहिल्या वाक्यावर घरातला माणूस चहाचं आधण ठेवतो आणि दुसऱ्यावर ‘कोण?’ म्हणून विचारतो. मराठीत आपण शब्द मागेपुढे करतो ते बहुतेक भर देण्यासाठी. ‘रामाने रावणाला मारलं’ उलटसुलट केलं तरी मेला कोण हे बदलत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ पहारा देतात. चिनीत तो पहारा जागेचाच. म्हणून ऐकताना नुसते शब्द टिपून चालत नाही, कोणता कुठे बसला होता हेही लक्षात ठेवावं लागतं. सुरुवातीला मी शब्द टिपायचे आणि नंतर मराठी डोक्याने ते जुळवायचे. निम्मा अर्थ तिथेच सांडायचा.

सोपं जातं का, याचं माझं उत्तर असं: बोलायला लवकर जमतं, कारण रूपं पाठ करायची नसतात. अचूक ऐकायला वेळ लागतो. आता निरोपात ‘अमुक केलं, इतके दिवस’ अशा घाटाचं वाक्य आलं की मी आधी शेवट बघते. लिहिलेलं असेल तर ‘ल’ दिसतोच. पण फोनवर घाईत तो निसटू शकतो, म्हणून साहेबांना काही सांगण्याआधी मी एवढंच विचारून घेते: ‘हाय त्साय तंग मा?’, अजून थांबला आहात का?