नणंदेचं नाव ४९८-अ च्या एफआयआरमध्ये: हायकोर्ट गुन्हा रद्द कधी करतं?

प्रश्न: माझ्या भावाच्या बायकोने लातूरला, तिच्या माहेरी, ४९८-अ चा गुन्हा नोंदवलाय. माझं लग्न होऊन मी पुण्यात राहते, तरी माझंही नाव घातलंय. हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करता येतो म्हणतात. खरंच होतो का?

उत्तर: ताई, होऊ शकतो. पण तुमचा आणि भावाचा प्रश्न एकच समजू नका.

आधी कलमाचा घोळ. नेटवर सगळीकडे ‘४८२ खाली क्वॅशिंग’ म्हणजे गुन्हा रद्द करणं, असं दिसेल. ते जुन्या सीआरपीसीचं. १ जुलै २०२४ पासून हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे, आणि नव्या संहितेत ४८२ हे अटकपूर्व जामिनाचं कलम आहे. गुन्हा लातूरचा, म्हणजे अर्ज औरंगाबाद खंडपीठात. तुम्ही पुण्यात राहता म्हणून मुंबईत नाही. ‘आम्ही लातूरला कधी राहिलोच नाही’ हा मुद्दाही फारसा उपयोगाचा नाही. छळामुळे बाई माहेरी आली असेल तर तिथेही तक्रार करता येते, असं सुप्रीम कोर्टाने रूपाली देवी प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट. क्वॅशिंगमध्ये कोर्ट खरं-खोटं ठरवत नाही. फिर्यादीत लिहिलंय ते सगळं घटकाभर खरं धरायचं आणि तरीही या माणसाविरुद्ध गुन्हा बनतो का, एवढंच पाहायचं. भजनलाल निकालात सुप्रीम कोर्टाने रद्द करण्याचे जे सात प्रकार सांगितले, त्यातला पहिला हाच. सूडबुद्धीने केलेली फिर्याद हा त्यातलाच एक, पण नुसत्या ‘घटस्फोटाची नोटीस पाठवली म्हणून खोटी केस केली’ या वाक्यावर तो टिकत नाही.

म्हणून एफआयआर हातात घ्या आणि तुमचं नाव जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलने खूण करा. ‘नवरा, सासू, सासरे व नणंद यांनी संगनमत करून माहेराहून पाच लाख आणण्यासाठी शारीरिक व मानसिक छळ केला’ एवढंच असेल, तर तुम्ही काय केलं, कधी, कुठे, याचा पत्ताच नाही. अशा मोघम आरोपांवर सासरच्या नातेवाइकांना खटल्यात ओढू नये, हे कहकशां कौसर विरुद्ध बिहार सरकार या २०२२ च्या निकालात स्पष्ट आलंय. तिथे सगळ्यांनी मिळून छळ केला, गर्भपात करण्याची धमकी दिली असा आरोप होता. कोणी नेमकं काय केलं ते नव्हतं. नातेवाइकांपुरता गुन्हा रद्द झाला. नवऱ्याचा प्रश्न त्या अपिलात नव्हताच.

याउलट ‘दिवाळीत नणंद आली, माझे दागिने काढून घेतले आणि थोबाडीत मारली’ असं एक जरी वाक्य असेल, तर गणित बदलतं. ‘मी तेव्हा पुण्यातच होते, ऑफिसची हजेरी आहे’ हा तुमचा बचाव झाला, आणि तो सहसा खटल्यातच तपासला जातो. कागद निर्विवाद असेल आणि समोरच्यालाही खोडता येत नसेल, तरच हायकोर्ट त्याकडे पाहतं. पोलिसांनी घेतलेले साक्षीदारांचे जबाबही वाचायला विसरू नका. एफआयआर मोघम आणि तिच्या आईच्या जबाबात मात्र तारीख-वार घटना, असं पुष्कळदा निघतं.

अर्ज केला की पोलिसांचं काम थांबलं असं नाही. ‘कठोर कारवाई करू नये’ असे सरसकट अंतरिम आदेश देऊ नयेत, असं सुप्रीम कोर्टाने निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात २०२१ ला बजावलंय. अटकेची धास्ती असेल तर अटकपूर्व जामीन वेगळा मागा. मध्येच दोषारोपपत्र दाखल झालं तरी तुमचा अर्ज मरत नाही. दुरुस्ती करून दोषारोपपत्र आणि केस नंबरलाही आव्हान द्यायचं. हे राहून जातं आणि तारखा वाया जातात. खालच्या कोर्टात दोषमुक्तीचा अर्जही करता येतो, पण नव्या संहितेत त्याला कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे.

भावासाठी बहुतेक वेळा वेगळी वाट निघते: तडजोड. ४९८-अ आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत बसत नाही, तरी वैवाहिक वादात समेट झाला तर हायकोर्ट आपल्या अधिकारात गुन्हा रद्द करू शकतं, हे बी. एस. जोशी (२००३) आणि ग्यान सिंग (२०१२) पासून पक्कं आहे. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांना ही सवलत नाही. वहिनींचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि दबावाखाली सही केली नाही ना, हे कोर्ट त्यांनाच विचारतं. पोटगीची रक्कम शेवटच्या हप्त्यावर अडली तर तारीख पुढे जाते, तेव्हा संमतीच्या अटींत कधी किती द्यायचे ते आधीच लिहून घ्या.

अर्ज सगळ्यांचा एकत्र केलात तरी तुमच्याबद्दलचे मुद्दे स्वतंत्र परिच्छेदात मांडायला वकिलांना सांगा. सुनावणीत कल विरुद्ध दिसला, तर भावापुरता अर्ज मागे घेऊन तुमच्यापुरता चालवता येतो.